कुत्रा पाहुण्याच्याच पायाशी चेंडू का आणून टाकतो?

चवथीच्या दिवसांत डिचोलीला माझ्या बहिणीच्या घरी माणसांची रीघ लागलेली असते. कुणी गणपतीच्या पाया पडायला येतं, कुणी माटोळी बघायला, आणि रात्री घुमट आरतीची मुलं. त्या घरात जिमी नावाचा पाच वर्षांचा कुत्रा आहे. आई लॅब्राडोर, बाप वाड्यावरचाच कुणीतरी. पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला की जिमी उठतो, पण सरळ दाराकडे जात नाही. आधी आतल्या खोलीत धावतो, खाटेखाली तोंड घालून आपला हिरवा चेंडू शोधतो. चेंडू नाही सापडला तर नारळाच्या सोडणाचा तुकडा, तोही नसला तर कुणाची तरी चप्पल. मग ते तोंडात धरून, कमरेपासून मागचं सगळं अंग हलवत तो सोप्यावर येतो. पाच-सहा पाहुण्यांमधून एक फेरी मारतो आणि शेवटी एकाच माणसाच्या पायाशी ते टाकतो.

तो माणूस म्हणजे भावोजींचे काका. वय पंचाहत्तर, आणि कुत्र्यांची त्यांना मुळीच आवड नाही. ते जिमीला हाक मारत नाहीत, कुरवाळत नाहीत, त्याच्याकडे बघतही नाहीत. शेजारी बसलेली पोरं "जिमी, ये, ये" करत असताना चेंडू मात्र काकांच्याच पायाशी येतो. "हाका म्हजेच पांय कित्याक जाय?" काकांनी यंदा अगदी मनापासून विचारलं. याला माझेच पाय कशाला हवेत?

कुत्रा पाळलेल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न निघतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण एका वाक्यात देऊन टाकतात: "त्याला खेळायचंय." किंवा "भेट आणलीय तुमच्यासाठी." पहिलं उत्तर अर्धं बरोबर आहे, दुसरं बहुधा चूक. काकांच्या पायांचा उलगडा मात्र या दोन्हींतून होत नाही. त्यासाठी कुत्र्याचं तोंड, त्याचे पूर्वज आणि त्याची शिकण्याची पद्धत या तिन्हींकडे बघावं लागतं.

एक दिसते, पण कृती दोन आहेत

वस्तू तोंडात घेऊन येणं ही एक कृती आणि ती पायाशी सोडून देणं ही दुसरी. आपण दोन्हींना एकच समजतो, म्हणून घोळ होतो. काही कुत्रे पहिली करतात, दुसरी करतच नाहीत. चेंडू तोंडात घट्ट धरून ते पाहुण्यांभोवती घिरट्या घालतात, घशातून कण्हल्यासारखा आवाज काढतात, पण हात पुढे केला की तोंड फिरवतात. काही कुत्रे आणतात आणि लगेच सोडतात. या दोन कृतींची मुळं वेगवेगळी आहेत. आणण्यामागे मुख्यतः अंगात उसळलेली खळबळ असते आणि जातीतून आलेली ओढ असते. सोडण्यामागे मुख्यतः अनुभव असतो.

तोंडाला काहीतरी काम हवं असतं

दारात नवा माणूस येणं ही कुत्र्याच्या दिवसातली मोठी घटना असते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जोरात चालतो, अंग स्थिर राहत नाही. या अवस्थेला आपण 'उत्तेजना' म्हणू. यात आनंद असेलच असं नाही. भीती आणि उत्सुकता यांची सरमिसळही असू शकते. अंग पेटलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा वेळी माणसाचे हात चाळे करतात. पाहुणे दारात आले की कोरडेच हात आपण उगाच पदराला किंवा टॉवेलला पुसतो, स्वच्छ टेबलावरून फडकं फिरवतो. कुत्र्याला हात नाहीत, त्याचं तोंडच त्याचा हात. धरणं, उचलणं, तपासणं, खेळणं ही सगळी कामं तो तोंडानेच करतो. त्यामुळे उत्तेजना वाढली की तोंडाला काम लागतं. पिल्लू असतं तेव्हा ते पाहुण्याचं मनगट किंवा सलवार तोंडात धरतं. घरचे ओरडतात. हळूहळू त्याच्या लक्षात येतं की माणूस धरला तर रागावतात आणि चेंडू धरला तर कुणी काही बोलत नाही. मग तोंड चेंडूकडे वळतं.

यात आणखी एक गोष्ट असते. कुत्र्याला पाहुण्याच्या अंगावर उडी मारून त्याचं तोंड हुंगायचं, चाटायचं असतं. त्याच वेळी उडी मारू नये हे त्याला शिकवलेलं असतं, किंवा नव्या माणसाचा थोडा धाकही वाटत असतो. दोन ओढी एकमेकींना अडवतात आणि तिसरंच काहीतरी बाहेर पडतं. निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने हे माशांमध्ये नीट टिपलं. काटेरी पाठीचा एक छोटा नर मासा आपल्या हद्दीच्या सीमेवर दुसऱ्या नराला भेटला की लढावं की पळावं या कात्रीत सापडतो, आणि दोन्ही न करता डोकं खाली करून वाळू उकरायला लागतो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी टिनबर्गनना 1973 साली नोबेल मिळालं. जिमी दाराकडे न जाता खाटेखाली शिरतो त्यात या वाळू उकरण्याचाही अंश असावा, असं मला वाटतं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण तो तिथे नुसता उकरत बसत नाही, एक ठरावीक वस्तू शोधून आणतो.

हे घरी पडताळता येतं. पाहुणे यायच्या आधी सगळी खेळणी उचलून ठेवा. कुत्र्याने जे हाताला लागेल ते उचललं, पायपुसणं, पडलेलं पान, काहीही, तर त्याला फक्त तोंड भरायचंय. तो घरभर फिरून तोच एक चेंडू धुंडाळत राहिला तर त्याच्या मनात पुढचा खेळ आहे. जिमी सुरुवात दुसऱ्या प्रकाराने करतो आणि चेंडू नाही मिळाला की पहिल्यावर येतो.

शिकारीची साखळी आणि मऊ तोंड

आता जातीतून आलेल्या ओढीकडे वळू. लांडग्याची शिकार ही टप्प्याटप्प्याने चालणारी साखळी आहे. भक्ष्य दिसणं, त्यावर नजर रोखणं, दबा धरून जाणं, पाठलाग, तोंडात धरणं, चावून मारणं, फाडणं आणि खाणं. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी ही साखळी घेऊन कुत्र्यांच्या जातींकडे बघितलं. माणसाने निरनिराळ्या कामांसाठी कुत्रे निवडले तेव्हा साखळीच्या काही कड्या जोरदार केल्या आणि काही जवळजवळ गाळून टाकल्या, असं त्यांचं म्हणणं. मेंढरं वळवणाऱ्या कुत्र्यात नजर, दबा आणि पाठलाग टिकला, पण मारणं नाही. शिकार आणून देणाऱ्या कुत्र्यात धरणं प्रबळ झालं आणि चावून मारणं जवळजवळ गेलं. त्याने बदक तोंडात धरून आणावं आणि बदकाच्या अंगावर दातांची खूणही नसावी. याला शिकारी लोक 'मऊ तोंड' म्हणतात.

लॅब्राडोरचे पूर्वज आताच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करत. गळातून सुटलेला मासा पकडून आणायचा, पाण्यातून दोर ओढून आणायचा. आपल्याकडे रापण ओढताना माणसांच्या आसपास कुत्रे घुटमळतात ते मासळीच्या आशेने. तिथले कुत्रे त्या कामातच होते. असे कुत्रे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांची पैदास पक्ष्यांच्या शिकारीसाठी केली. गोल्डन रिट्रीव्हरची जात स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर 1868 साली झालेल्या पिल्लांपासून सुरू झाली. 'रिट्रीव्हर' या नावाचा अर्थच मुळी आणून देणारा.

पिढ्यानपिढ्या ज्या कुत्र्याने वस्तू उचलली, दातांनी न चिरडता वागवली आणि माणसाजवळ आणली, त्याचीच पिल्लं ठेवली गेली. त्यामुळे अशा कुत्र्याला तोंडात काहीतरी घेऊन माणसाकडे जाण्यातच सुख मिळतं. त्यासाठी वेगळा खाऊ द्यावा लागत नाही. जिमीचं हे आईकडून आलेलं आहे. एकदा त्याने बहिणीची पूजेची वात ठेवायची पितळी वाटी आणली होती. आतला कापूस ओला झाला होता, पण वाटीवर ओरखडा नव्हता.

मग सोडतो कशाला?

रिट्रीव्हरच्या रक्तातसुद्धा सोडणं आपोआप येत नाही. पुष्कळ लॅब्राडोर पिल्लं आणतात आणि मग पळून जातात. सोडणं शिकावं लागतं, आणि खेळच ते शिकवतो. तोंडात धरलेला चेंडू निर्जीव असतो. तो टाकला, माणसाने उचलला आणि फेकला की तो पुन्हा जिवंत होतो, पळायला लागतो. पाठलागाची कडी पुन्हा सुरू होते. म्हणजे चेंडू मिळवण्यापेक्षा चेंडू पळणं कुत्र्याला जास्त हवं असतं, आणि पळवण्याची कला माणसाच्या हातात असते. हे एकदा कळलं की चेंडू सोडणं फायद्याचं होतं.

निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या ब्रिटिश संशोधकांनी आपल्या सहकाऱ्याबरोबर 2000 साली कुत्र्यांचे दोन प्रकारचे खेळ ताडून पाहिले: कुत्रा कुत्र्याशी खेळतो तो आणि कुत्रा माणसाशी खेळतो तो. दुसऱ्या कुत्र्याबरोबर खेळताना वस्तू आपल्याकडे राखण्याची झटापट जास्त दिसली. माणसाबरोबर खेळताना कुत्रे वस्तू दाखवतात, पुढे करतात आणि सोडूनही देतात. माणूस आपल्यासारखाच दुसरा कुत्रा आहे असं समजून कुत्रा त्याच्याशी खेळत नाही. माणसाबरोबरच्या खेळाचे नियम वेगळे आहेत हे त्याला ठाऊक असतं.

सोडल्यानंतरचे दोन-तीन सेकंद बघण्यासारखे असतात. जिमी चेंडू टाकतो, दोन पावलं मागे सरकतो आणि तोंड किंचित उघडं ठेवून उभा राहतो. मग त्याची नजर फिरते: चेंडूवर, काकांच्या तोंडाकडे, पुन्हा चेंडूवर. अशी आलटून पालटून नजर टाकणं हे कुत्र्याचं बोट दाखवणं आहे. हंगेरीतल्या आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 सालीच एका प्रयोगात हे दाखवलं. खाऊ कुठे लपवलाय ते कुत्र्याला माहीत होतं, मालकाला नव्हतं. मालक खोलीत आल्यावर कुत्रे मालकाकडे आणि लपवलेल्या जागेकडे आलटून पालटून बघू लागले. जिमीची नजरही तेच सांगते. मागे सरकण्यालाही अर्थ आहे. फेकलेल्या वस्तूमागे धावायला तो जागा करून घेतो.

पायाशीच का, तर बसलेल्या माणसाचा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असलेला, हलणारा भाग म्हणजे पाय. मांडीवर ठेवलं तर माणूस दचकतो, लाळ लागली म्हणून ढकलतो. पायाजवळ टाकलेलं खपून जातं. आणि पाय पुढच्या गोष्टीतही महत्त्वाचे आहेत.

"पण ही भेट नसते का?"

असं मानायला आवडतं हे मी समजू शकते. पाहुण्यासमोर काहीतरी ठेवण्याची आपली रीत आहे, आणि कुत्राही तीच पाळतोय हे बघून जीव सुखावतो. लांडग्यांचा दाखलाही देतात: तेही अन्न आणून देतात ना? देतात. शिकारीहून परतलेले मोठे लांडगे पिल्लांसाठी मांस आणतात, पोटातलं ओकूनही भरवतात. पिल्लं त्यांची तोंडं चाटून ते मागतात. कुत्रा आल्या माणसाचं तोंड चाटू बघतो त्याचं मूळ या मागण्यात आहे, असं मानतात. पण तिथे अन्न घरात येणाऱ्याकडून घरात असलेल्याला मिळतं. या हिशेबाने भेट पाहुण्याने आणायला हवी.

याहून साधी कसोटी म्हणजे कुत्रा काय आणत नाही ते बघणं. मटणाचं हाड त्याच्याकडे असेल तर ते तो पाहुण्याच्या पायाशी टाकत नाही. उलट घेऊन कोपऱ्यात जातो. खेळताना फेकली जाऊ शकणारी वस्तूच येते. आणि ही 'भेट' तुम्ही खिशात ठेवून बघा. कुत्रा समाधानाने निघून जात नाही, खिसा हुंगत राहतो. ती वस्तू परत येण्यासाठीच त्याने दिलेली असते.

मला हे भेटीपेक्षा कमी मोलाचं वाटत नाही. आपल्या तोंडातली वस्तू अनोळखी माणसासमोर सोडून दोन पावलं मागे जायचं, याला त्या माणसावर भरवसा ठेवावा लागतो. आपल्या खुणेचा अर्थ याला कळेल, हा तो भरवसा.

घरच्यांना सोडून पाहुण्यालाच का?

एक कारण तर वर आलंच: उत्तेजना पाहुणा आल्यावर असते, बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आल्यावर नसते. दुसरं कारण हिशेबाचं आहे. घरच्यांनी दिवसातून वीस वेळा "आता नाही, जा" म्हटलेलं असतं. ते कधी फेकतात, कधी नाही, हे कुत्र्याला पाठ असतं. पाहुण्याचा अजून अंदाज आलेला नसतो. आणि पाहुणा सहसा नाही म्हणत नाही. यजमानाच्या कुत्र्याला हटकणं बरं दिसत नाही, म्हणून तो हसतो, "काय रे, काय आणलंस?" म्हणतो, एकदा तरी चेंडू फेकतो. ज्या कृतीनंतर चांगलं काही घडतं ती कृती प्राणी पुन्हा करतो. याला आपण 'फळावरून शिकणं' म्हणू. वर्षातून शंभर पाहुणे आले आणि त्यातल्या चाळीस जणांनी चेंडू फेकला, तर पाहुणा म्हणजे चेंडू फेकणारा माणूस असं समीकरण घट्ट बसतं.

दर वेळी फळ मिळायलाही लागत नाही. कधी मिळतं, कधी नाही, आणि केव्हा मिळेल ते सांगता येत नाही, अशी स्थिती असली की सवय जास्त चिवट होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर उंदीर आणि कबुतरांवर हे पुन्हापुन्हा दाखवलं. मांडवीच्या काठी गळ टाकून बसलेला माणूस बघा. दर वेळी मासा लागत नाही, म्हणूनच तो 'आणखी एकदा' करत अंधार पडेपर्यंत बसतो.

आता काका. ते तर हसतही नाहीत, फेकतही नाहीत. मग त्यांच्याकडून जिमीला काय मिळतं? यंदा मी मुद्दाम त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले आणि बघत राहिले. जिमीने चेंडू टाकला. काकांनी वर्तमानपत्रातून नजर न काढता "हट्" म्हटलं आणि उजव्या पायाने चेंडू दूर ढकलला. चेंडू गुळगुळीत लाल कोब्यावरून सरळ वसरीपर्यंत घरंगळत गेला. जिमी त्याच्यामागे सुटला, पकडून आणला आणि पुन्हा त्याच पायाशी ठेवला. "हट्." पुन्हा पाय. पंधरा मिनिटांत हे सात वेळा झालं.

काकांच्या दृष्टीने ते कुत्र्याला हाकलत होते. जिमीच्या दृष्टीने त्या सोप्यावर त्यांच्याइतका भरवशाचा गडी दुसरा नव्हता. पोरं चेंडू हातात घेऊन आधी खोटं खोटं फेकतात, मग लपवतात, मग आपसात भांडतात. काकांचा पाय मात्र चुकत नाही. 'हट्' हा शब्दसुद्धा जिमीसाठी चेंडू सुटण्याची सूचना झाला होता. तो ऐकताच त्याचे कान पुढे येत आणि मागचे पाय ताठ होत.

कुत्र्याला नको म्हणणारी माणसं स्थिर बसतात, अंगावर झुकत नाहीत, डोळ्यांत डोळे घालत नाहीत, हेही कुत्र्याच्या पथ्यावर पडतं. कौतुकाने वर झुकणारा, दोन्ही हात डोक्यावर आणणारा अनोळखी माणूस पुष्कळ कुत्र्यांना दडपणाचा वाटतो.

"आमचा गावठी कुत्रा असं कधीच करत नाही"

नसेल करत. गावठी कुत्र्यांना आणून देण्यासाठी कुणी पिढ्यानपिढ्या निवडलेलं नाही. ते टिकले ते स्वतःचं अन्न शोधून आणि सापडलेलं दुसऱ्याला न देता. उघड्यावर वाढलेल्या कुत्र्याने तोंडातली वस्तू सोडली की ती गेलीच. त्याने ती माणसाच्या पायाशी का टाकावी?

तरी जात म्हणजे सगळं नव्हे. 2022 साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचून एक मोठा अभ्यास झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला साधारण 9 टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं.

याहून चकित करणारी गोष्ट स्वीडनमधली आहे. स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी लांडग्यांची पिल्लं हातावर वाढवली. पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर, त्यांनी आधी कधी न पाहिलेल्या माणसाने चेंडू फेकून त्यांना बोलावलं. चेंडू आणायला त्यांना कुणीही शिकवलं नव्हतं. तेरा पिल्लांपैकी तिघांनी चेंडू त्या परक्या माणसाकडे आणला. 2020 साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे कुत्रा पाळीव होण्याच्या आधीपासूनच काही लांडग्यांत ही ओढ थोडीफार असावी. माणसाने ती शून्यातून निर्माण केली नाही, असलेलीच निवडून वाढवली. मग एखाद्या गावठी पिल्लातही ती दिसली तर नवल नाही. लहानपणी, तीन-चार महिन्यांचं असताना, त्याने आणलेली वस्तू हिसकावली नाही आणि आणल्याबद्दल ती पुन्हा फेकली, तर ते शिकतं. पुष्कळ घरांत नेमकं उलटं होतं. पिल्लू चप्पल आणतं, घरचे धावत येऊन ओढून घेतात. माणूस जवळ आला की वस्तू जाते, हे ते शिकतं आणि पुढे सगळं खाटेखाली नेऊन धरतं.

हात कधी लावू नये

समोर आणलेली प्रत्येक वस्तू ही खेळाची हाक नसते. ओळखायचं ते अंगावरून. खेळू बघणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं, वळतं, शेपटी मोठ्या झोक्याने हलते, कधी पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतो. वस्तू टाकून तो तिच्यापासून दूर सरकतो. वस्तू राखणारा कुत्रा याच्या उलट करतो. टाकल्यासारखं दिसलं तरी तिच्यावरच उभा राहतो, डोकं खाली, मान ताठ, ओठ आवळलेले, डोळ्याच्या कडेला पांढरा भाग दिसणारा. शेपटी हलत असली तरी ती वर ताठ आणि बारीक थरथरल्यासारखी हलते. अशा वेळी हात खाली नेऊ नये, विशेषतः लहान मुलांनी. पाहुण्याने पाय हळूच मागे घ्यावेत आणि घरच्या माणसाला सांगावं. घरच्यांनीही हिसकावू नये. चार पावलांवर खाऊ टाकावा आणि कुत्रा तिकडे गेला की वस्तू उचलावी.

मे महिन्यात आणखी एक सांभाळायचं असतं. कुत्रे आंब्याची बाठ तोंडात घेऊन फिरतात. ती गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेची पाळी येते. बाठ दिसली की अशीच खाऊच्या बदल्यात काढून घ्यावी. चेंडूही असा हवा की घशात उतरणार नाही. लॅब्राडोरच्या जबड्यात मागच्या दाढांपर्यंत सहज जाणारा लहान रबरी चेंडू धोक्याचा असतो.

आणि थांबवायचंच असेल तर?

काकांना हेच हवं होतं. मी त्यांना सांगितलं, काका, पाय हलवू नका, 'हट्'ही म्हणू नका, चेंडू तिथे नाहीच असं समजा. आणि एक आधीच सांगून ठेवलं: सुरुवातीला त्रास वाढेल. वीज गेलेली असताना आपण बटण एकदा दाबून थांबत नाही. दोनदा, चारदा, जोराने दाबतो आणि मगच सोडतो. कुत्र्याचंही तसंच असतं. मिळणारं फळ अचानक बंद झालं की तो आधी जास्त जोर लावतो. घरचे नेमके त्याच क्षणी कंटाळून चेंडू फेकतात, आणि कुत्रा शिकतो की जास्त जोर लावला की मिळतं.

दुसऱ्या दिवशी काका उत्तरपूजेला आले. जिमी चेंडू घेऊन आला, ठेवला, मागे सरकला. काका हलले नाहीत. त्याने चेंडू उचलून पावलाच्या आणखी जवळ ठेवला. मग नाकाने ढकलून घोट्याला टेकवला. मग उजवा सोडून डाव्या पायाशी ठेवला. एकदा आखूड भुंकला. काकांनी वर्तमानपत्र घट्ट धरलं होतं. सहा-सात मिनिटांनी जिमीने चेंडू उचलला, काकींच्या पायाशी टाकला, आणि काकींनी पोळी लाटायची राहिलीय म्हणत उठता उठता तो पायाने बाजूला सारला.